अंतिम अवस्थेतील कर्करोग आणि आंत्रावरोध : उलटीचा उपशम, नळी व शस्त्रकर्म यांचा निर्णय

प्रस्तुत लेखाचा आरंभ आम्ही स्वतःच्या एका चुकीपासून करीत आहोत. व्यवसायबंधूंपैकी अनेकांच्या हातून ती घडली असेल, किंवा उद्या घडू शकेल, एवढेच त्यामागचे कारण आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, वय वर्षे ५८ असलेल्या एका बाईंना बीजकोशाचा कर्करोग होता. शस्त्रकर्म झाले होते, केमोथेरपीचे निरनिराळे तीन क्रम होऊन गेले होते आणि कर्करोगतज्ज्ञांनी पुढील केमोथेरपीचा उपयोग नाही असे सांगून त्यांना घरी पाठविले होते. वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या. चार दिवस मलप्रवृत्ती नाही, पोट फुगले आहे, तोंडाला पाणी सुटते आणि दिवसातून दोनतीन वेळा उलटी होते, असे त्यांच्या यजमानांनी येऊन सांगितले. यजमान निवृत्त शिक्षक. आमचा त्यांचा वीस वर्षांचा परिचय. मॉर्फिनमुळे मलावष्टंभ होतो हे आम्हांस ठाऊक होते. म्हणून घरी जाऊन उदर न तपासताच आम्ही रात्री गंधर्वहरीतकी देण्यास सांगितले. औषधाच्या दुकानातून त्यांनी उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडच्या गोळ्याही नेल्या.

त्या रात्री बाईंच्या पोटात पिळवटून टाकणारा शूल उठला. दर काही मिनिटांनी कळ यावी, पोटातील गुरगुर शेजारच्या माणसाला ऐकू यावी आणि नंतर मोठी उलटी व्हावी, असे पहाटेपर्यंत चालले. शेवटच्या दोन उलट्यांना मळासारखी दुर्गंधी होती. आम्ही ज्यास विबंध समजलो तो आंत्रावरोध होता. वाट बंद झालेल्या आतड्याला आम्ही दोन बाजूंनी चाबूक मारला होता.

संहितेतील बद्धगुद आणि आजचा रुग्ण

आठ उदररोगांत बद्धगुदाची गणना आहे, हे वाचकांना सांगावयास नको. मळाच्या वासाची व वर्णाची छर्दि हे असाध्यतेचे लक्षण म्हणून चरकसंहितेत आले आहे. सुश्रुतसंहितेत बद्धगुदासाठी नाभीच्या खाली, रोमराजीच्या डावीकडे चार अंगुळे सोडून उदर पाटन करावे, आतडे बाहेर काढून पाहावे आणि अडथळा करणारा खडा, केस अथवा मळ दूर करावा असे शस्त्रकर्म वर्णिले आहे. याचा अर्थ असा की अडथळा यांत्रिक असतो आणि तो औषधाने ढकलून निघत नाही, ही जाणीव आपल्या परंपरेत प्राचीन आहे.

तथापि कर्करोगाच्या अंतिम अवस्थेत प्रश्न निराळा होतो. बीजकोश, मोठे आतडे व जठर यांचे कर्करोग उदरावरणावर पसरतात. त्यांच्या गाठी आतड्याला एकाच ठिकाणी नव्हे तर अनेक ठिकाणी बाहेरून आवळतात. आतड्याच्या भित्तीत व तेथील नाड्यांत कर्करोग शिरला तर गतीच मंदावते. अशा वेळी काढून टाकावा असा एखादा खडा सापडत नाही.

उलटी का होते, हे एकदा समजले की पुढील सर्व चिकित्सा आपोआप उलगडते. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस व आतड्याचा स्राव मिळून दिवसाला सुमारे ७ ते ८ लिटर द्रव आतड्यात येतो आणि निरोगी माणसात त्यातील बहुतेक पुन्हा शोषला जातो. वाट बंद झाली की हा द्रव अडथळ्याच्या वर साचतो. आतडे ताणले जाते, ताणामुळे अधिक स्राव सुटतो, स्रावामुळे ताण आणखी वाढतो. रुग्णाने पाण्याचा थेंब घेतला नाही तरी उलटी थांबत नाही, त्याचे कारण हेच. अडथळ्यावर मात करण्यासाठी आतडे जोराने आकुंचन पावते, त्यातून शूल उठतो. म्हणजे शमन करावयाच्या गोष्टी तीन : स्राव, शूल आणि हृल्लास. वाट उघडलीच पाहिजे असा हट्ट सोडला, तरी या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आटोक्यात आणता येतात.

विबंध की अवरोध?

विरेचन देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात, असा नियम आम्ही त्या रात्रीनंतर स्वतःला घालून घेतला. पहिली, वायू सरतो की नाही. मळ आणि वायू दोन्ही बंद असतील तर अवरोध पूर्ण असण्याचा संभव मोठा. दुसरी, शूल लाटांप्रमाणे येतो का आणि त्याबरोबर गुरगुर ऐकू येते का. तिसरी, उलटीचे स्वरूप. अडथळा वरच्या भागात असल्यास उलट्या लवकर सुरू होतात, मोठ्या व पित्तमय असतात आणि पोट फारसे फुगत नाही. अडथळा खालच्या भागात असल्यास आधी पोट फुगते, उलटी उशिरा येते आणि तिला मळाचा वास असतो. चौथी, गुदपरीक्षण. गुदात कठीण मळाचा गोळा लागला तर कारण कदाचित साधे असेल आणि उपायही साधा.

अवरोधाचा संशय असता एरंडतेल, गंधर्वहरीतकी, इच्छाभेदी, सोनामुखीचे चूर्ण यांपैकी काहीही देऊ नये. इसबगोलासारखे फुगणारे द्रव्य अरुंद वाटेत बसून ती पूर्ण बंद करू शकते. निरूह बस्तीने किंवा पोट चोळल्याने ताणलेले आतडे फुटण्याचा धोका असतो. पोटावर केवळ सोसवेल असा कोमट शेक ठेवण्यास हरकत नाही.

औषध विक्रेत्यांना येथे विशेष विनंती आहे. मेटोक्लोप्रमाइड, डॉमपेरिडोन, लेव्होसल्पिराइड, इटोप्राइड ही औषधे अन्नमार्गाची गती वाढवितात आणि आपल्याकडे ती ‘गॅसची गोळी’ म्हणून सहज मागितली जातात. कर्करोगाचा रुग्ण, वारंवार उलटी, फुगलेले पोट आणि कळा, असे वर्णन ऐकल्यावर ती देऊ नयेत. रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. तसेच, दिवसात पाचसहा वेळा उलटी करणाऱ्या रुग्णाला तोंडाने घ्यावयाची कोणतीही गोळी बहुधा निरुपयोगी असते. ती शोषली जाण्यापूर्वीच बाहेर पडते. ‘गोळी बदलून द्या’ असे सांगत तोच माणूस दोन दिवसांत तिसऱ्यांदा दुकानात आला, तर गोळी बदलण्याची नव्हे, औषध देण्याचा मार्ग बदलण्याची वेळ झाली आहे, असे समजावे.

शस्त्रकर्म कोणास?

पहाटे आम्ही बाईंना जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात नेले. तेथील शल्यचिकित्सक आणि उपशामक चिकित्सेचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर यांनी एकत्र बसून विचार केला.

कर्करोगाच्या रुग्णात अवरोध प्रथमच झाला असेल तर शल्यचिकित्सकाचे मत घेतल्याशिवाय ‘आता काही करण्यासारखे नाही’ असे कोणीही म्हणू नये, हे आम्ही आग्रहाने नमूद करतो. अवरोधाचे कारण दरवेळी कर्करोगच असते असे नाही. पूर्वीच्या शस्त्रकर्मानंतर आतडी एकमेकांना चिकटल्यामुळे अथवा हर्नियात अडकल्यामुळेही तो होतो आणि असा अवरोध सुटू शकतो. तसेच सतत व असह्य वेदना, ज्वर, नाडीची वाढलेली गती व लाकडासारखे कठीण पोट ही लक्षणे आतडे कुजत असल्याची वा फुटल्याची असतात. तेथे तासांचा हिशेब असतो, रुग्णाची व आप्तांची इच्छाही त्याच वेळी जाणून घ्यावी लागते.

अडथळा एकाच जागी आहे, रुग्ण हिंडताफिरता आहे, पोषण बरे आहे, उदरात जल साचलेले नाही आणि कर्करोगावर पुढे काही उपचार शिल्लक आहेत, अशा रुग्णात आतड्याचा भाग काढणे, बाजूने नवी वाट जोडणे किंवा पोटावर मलमार्ग काढणे यांचा लाभ होऊ शकतो. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात किंवा जठराच्या मुखाशी एकच अरुंद जागा असेल तर दुर्बिणीतून धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसविता येते. परंतु ती सरकू शकते आणि तिच्यामुळे आतडे फुटण्याचा धोकाही असतो. लहान आतडे अनेक जागी आवळले असता तिचा उपयोग नाही.

याउलट अनेक जागी अवरोध, हाताला लागणाऱ्या पसरलेल्या गाठी, काढल्यावर पुन्हा भरणारे जलोदर, खालावलेले पोषण आणि दिवसाचा बहुतेक काळ अंथरुणावर, हे चित्र असेल तर शस्त्रकर्मानंतर जखम न भरणे, आतड्यातील द्रव त्वचेवाटे गळणे आणि रुग्णालयातच अखेर होणे यांची शक्यता वाढते. ज्यांच्याबाबत शल्यचिकित्सकांनाच कोणता मार्ग बरा हे ठरविता येत नव्हते अशा रुग्णांचा अभ्यास अमेरिका, मेक्सिको, पेरू व कोलंबिया या देशांत झाला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या ९१ दिवसांत रुग्णालयाबाहेर जिवंत राहिलेले दिवस शस्त्रकर्म झालेल्यांत आणि न झालेल्यांत जवळजवळ सारखेच आढळले. शस्त्रकर्म झालेल्या गटात उलटीसारख्या लक्षणांना मात्र काहीसा अधिक आराम दिसला. म्हणून सरसकट ‘करा’ किंवा ‘करू नका’ असे उत्तर नाही. त्या रुग्णाला काय हवे आहे आणि त्याचे शरीर काय सोसेल, यांवर ते ठरते.

बाईंच्या सी.टी. स्कॅनमध्ये लहान आतडे तीन ठिकाणी आवळलेले, उदरावरणावर सर्वत्र गाठी आणि जलोदर असे आढळले. शल्यचिकित्सकांनी शस्त्रकर्म न करण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो बाईंनाच समोर बसून सांगितला, हे आम्हांस फार योग्य वाटले. बाईंनी एवढेच विचारले, “मग ह्या उलट्या तरी थांबतील ना?”

औषधांचा क्रम

शस्त्रकर्माविना केवळ औषधांनी अशा रुग्णांना घरी अथवा शुश्रूषागृहात सुखाने ठेवता येते, हे लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसमधील चिकित्सकांनी १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखातून दाखवून दिले. आजची पद्धती त्याच मार्गाने विकसित झाली आहे. पुढील औषधे उपशामक चिकित्सेच्या डॉक्टरांनी ठरवावयाची आहेत. ती येथे देण्याचा हेतू असा की घरी जाणाऱ्या वैद्यास आणि औषध पुरविणाऱ्या दुकानदारास प्रत्येक औषधाचे प्रयोजन कळावे.

सर्व औषधे त्वचेखाली देता येतात, ही पहिली सोय. छातीवर कंठास्थीच्या खाली किंवा दंडावर बारीक बटरफ्लाय सुई बसवून ठेवली की दरवेळी टोचावे लागत नाही. सूज असलेली जागा टाळावी. जागा लाल वा कठीण झाली तर सुई बदलावी. सिरिंज पंप असल्यास २४ तासांची मात्रा सावकाश जाते. नसल्यास तीच मात्रा विभागून देता येते.

स्राव व शूल यांसाठी हायोसीन ब्युटिलब्रोमाइड हे प्रमुख औषध होय. याची मात्रा २४ तासांत ६० ते १२० मि.ग्रॅ. असते, म्हणजे २० मि.ग्रॅ.च्या ३ ते ६ ॲम्प्यूल. ते आतड्याचे आकुंचन शिथिल करते आणि स्राव घटविते. मुखशोष हा त्याचा ठरलेला दुष्परिणाम आहे. मेटोक्लोप्रमाइड गती वाढविते आणि हे औषध गती कमी करते. म्हणून दोन्ही एकाच वेळी देणे म्हणजे एकाने दार उघडावे आणि दुसऱ्याने लावावे असे होय. एकाच चिठ्ठीत दोन्ही दिसली तर विक्रेत्याने डॉक्टरांना अवश्य विचारावे. अवरोध अपूर्ण आहे, वायू सरतो आहे आणि शूल मुळीच नाही, अशा रुग्णातच मेटोक्लोप्रमाइडला स्थान आहे. कळा सुरू झाल्या की ते बंद करावयाचे.

हृल्लासासाठी हॅलोपेरिडोल. मानसविकारात वापरले जाणारे हे औषध येथे फार लहान मात्रेत, २४ तासांत साधारणतः १.५ ते ५ मि.ग्रॅ., देतात. दुकानातून चिठ्ठी घेऊन आलेले नातेवाईक ‘हे तर वेड्याचे औषध’ असे ऐकून घाबरतात आणि देत नाहीत, असे आम्ही पाहिले आहे. मेंदूतील वांतिकेंद्राशी संबंधित भागावर याचे कार्य आहे, हे त्यांना दोन वाक्यांत समजावून द्यावे. अंग ताठरणे, हात कापणे, बेचैनी ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना कळवावे.

डेक्सामेथासोन हे तिसरे. गाठीभोवतीची सूज उतरली तर वाट काही काळ थोडी उघडते, या अपेक्षेने सकाळी एकदा ८ मि.ग्रॅ. आणि आवश्यक तर १६ मि.ग्रॅ.पर्यंत देतात. पाच ते सात दिवसांत गुण आला नाही तर ते थांबवावे. गुण न येता महिनाभर चालू ठेवण्यात मुखपाक, मधुमेह व निद्रानाश एवढेच पदरी पडते. ते दुपारनंतर देऊ नये आणि इतर औषधांबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळू नये.

ऑक्ट्रिओटाइड हे महाग औषध स्राव कमी करण्यासाठी, बहुधा १०० मायक्रोग्रॅम दिवसातून तीन वेळा, देतात. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, डेक्सामेथासोन व रॅनिटिडिन सर्वांनाच दिले असता, ऑक्ट्रिओटाइडमुळे उलटीविरहित दिवस वाढल्याचे दिसले नाही. काही रुग्णांत त्याने उलटीचे प्रमाण झटकन घटते असा चिकित्सकांचा अनुभव मात्र आहे. म्हणून सामान्य कुटुंबाने कर्ज काढून ते पहिल्याच दिवशी आणावे असे आम्ही म्हणणार नाही. हायोसीनने काम भागले नाही तर तीन दिवस द्यावे, उलटीचे माप पाहावे, फरक नसल्यास बंद करावे. हे औषध शीतकपाटात २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते.

सततच्या वेदनेसाठी मॉर्फिन थांबवावयाचे नसते, मार्ग बदलावयाचा असतो. बाई दर चार तासांनी १० मि.ग्रॅ., म्हणजे दिवसाला ६० मि.ग्रॅ. मॉर्फिन तोंडाने घेत होत्या. त्वचेखाली त्याच्या साधारण निम्मे, म्हणजे दर चार तासांनी ५ मि.ग्रॅ. देण्यात आले. मॉर्फिन सामान्य दुकानाच्या फळीवर मिळत नाही. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर ते मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमार्फत मिळते. आपल्या जिल्ह्यात अशी संस्था कोणती, हे विक्रेत्याने माहीत करून ठेवले तर एखाद्या कुटुंबाची रात्रीची वणवण वाचेल.

नळी : मुक्काम नव्हे, टप्पा

पहिल्या दिवशी बाईंच्या नाकातून जठरात राइल्स ट्यूब घातली. २४ तासांत २ लिटर २०० मि.लि. हिरवट-तपकिरी द्रव निघाला आणि पोटाचा ताण कमी झाला. शिरेवाटे दिवसाला दीड लिटर द्रव दिला. त्याबरोबर हायोसीन २० मि.ग्रॅ. दर चार तासांनी, हॅलोपेरिडोल १.५ मि.ग्रॅ. सकाळ-रात्र आणि डेक्सामेथासोन ८ मि.ग्रॅ. सकाळी असा क्रम ठरला.

प्रचंड प्रमाणात उलट्या होत असताना नळीने तासाभरात जो आराम पडतो तो औषधांनी पडत नाही, हे खरे. परंतु नळी दीर्घकाळ ठेवली की नाक व घसा सोलवटतो, खोकला नीट येत नाही, रुग्ण ती रात्री उपसून काढतो आणि मग हात बांधण्यापर्यंत मजल जाते. म्हणून नळी घालतानाच ती कधी काढावयाची हे ठरवावे. औषधांच्या साहाय्याने द्रव दिवसाला लिटरच्या आत आला की नळी काही तास बंद करून पाहतात. हृल्लास वाढला नाही तर काढतात. बाईंचा द्रव दुसऱ्या दिवशी १६००, तिसऱ्या दिवशी १०५० आणि चौथ्या दिवशी ७०० मि.लि. भरला. पाचव्या दिवशी सकाळी नळी बंद ठेवली, संध्याकाळी काढली.

तेव्हा गुरुजींनी आम्हांस बाहेर बोलावून विचारले, “डॉक्टर, नळी काढली म्हणजे आपण हात टेकले ना?” हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. आम्ही त्यांना सांगितले, की नळीने आजार बरा होत नव्हता, केवळ साचलेले पाणी बाहेर येत होते. आता स्राव कमी झाला आहे. दिवसातून एखादी उलटी होईल, तिला अपयश मानू नका. उलटीनंतर त्यांना बरे वाटते का, झोप लागते का, ते पाहा. पुन्हा मोठ्या उलट्या सुरू झाल्या तर नळी पुन्हा घालता येईल, मात्र ती घालावयाची की नाही हे त्या सांगतील. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिला विचारायचे धाडस मलाच होत नव्हते.”

औषधे देऊनही द्रव कमी होत नाही आणि नळीवाचून चालत नाही, अशा रुग्णात आयुष्य काही आठवड्यांहून अधिक दिसत असल्यास पोटाच्या भित्तीतून थेट जठरात नळी बसविता येते. ती दुर्बिणीच्या साहाय्याने बसवितात. तिचा उपयोग अन्न घालण्यासाठी नसून साचलेला द्रव बाहेर सोडण्यासाठी असतो. नाक मोकळे होते आणि रुग्ण चहा, सरबत, पातळ कढण यांची चव घेऊ शकतो. प्यालेले नळीवाटे बाहेर येते. जलोदर असल्यास आधी ते काढावे लागते, अन्यथा नळीभोवती गळती होते.

घरी आल्यानंतर

सातव्या दिवशी बाई घरी आल्या. सुनेला परिचारिकेने बटरफ्लाय सुईतून औषध देण्यास शिकविले. प्रत्येक सिरिंजवर औषधाचे नाव व वेळ लिहिलेली पट्टी आणि भिंतीवर एक तक्ता, ज्यात वेळ, औषध, उलटी किती वेळा व अंदाजे किती, एवढेच रकाने होते. या तक्त्यामुळे दूरध्वनीवरून डॉक्टरांना निर्णय घेणे सोपे झाले.

पाण्याचा प्रश्न दुसऱ्याच दिवशी निघाला. ‘सलाईन लावा’ असा शेजाऱ्यांचा आग्रह होता. अंतिम अवस्थेतील तहान बहुतांशी कोरड्या तोंडाची असते आणि हायोसीनने ती वाढते; शिरेतील पाण्याने ती तितकीशी भागत नाही. अतिरिक्त द्रवाने स्राव, पायांची सूज व जलोदर वाढू शकतात. बाईंना तीन रात्री त्वचेखाली अर्धा लिटर सलाईन सावकाश दिले. पाय सुजू लागल्यावर त्यांनीच नको म्हटले.

मुखाची काळजी हे काम मात्र आपले, आणि ते आम्ही मनापासून केले. दर दोन तासांनी मऊ फडक्याने तोंड पुसणे, ज्येष्ठमधाच्या कोमट पाण्याच्या चुळा, ओठांना तूप आणि चोखण्यास बर्फाचा लहान खडा. उलटी झाली की चूळ भरविल्याशिवाय रुग्णास पडू देऊ नये, मळाच्या वासाची उलटी असेल तर विशेषतः. आहारात चोथा असलेले काहीच नाही. लाजमंड, गाळलेली पेज, ताकाचे निवळ पाणी चमच्याने, मागतील तेव्हाच. लाजमंडाने अवरोध सुटेल असा आमचा दावा नाही, चव लागते आणि घशाला बरे वाटते. बाईंना मात्र चहा हवा असे. सकाळी चार चमचे चहा त्या डोळे मिटून घेत, आणि कधी तासाभराने तो उलटून पडला तरी त्यांची तक्रार नसे.

डेक्सामेथासोनच्या सहाव्या दिवशी थोडा वायू सरला, पुढे दोनदा किंचित मळही झाला. त्यानंतर ते क्रमाने कमी केले. उलट्या दिवसाला एक, क्वचित दोन. शूल परत आला नाही. घरी आल्यापासून तेविसाव्या दिवशी त्यांनी देह ठेवला. शेवटचे दोन दिवस त्या झोपेतच होत्या. नळी पुन्हा घातली नाही. तसे त्यांनी गुरुजींना आणि सुनेला आधीच सांगून ठेवले होते.

व्यवसायबंधूंना आमचे सांगणे थोडे आहे. कर्करोगाच्या रुग्णास मलावष्टंभ व उलटी एकत्र दिसली तर पुडी बांधण्यापूर्वी उदरावर हात ठेवा, कान लावा आणि वायू सरतो का ते विचारा. असाध्य व्याधीत असाध्यता सांगून मगच उपचार करावेत हा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. तो पाळताना रुग्णास हेही सांगावे, की वाट उघडली नाही तरी उलटी आणि शूल यांचे शमन करता येते. आम्ही ती गंधर्वहरीतकी दिली नसती तर बाईंची ती एक रात्र तरी तशी गेली नसती.